चुकलेल्या उत्तरालाही उत्तर हवे

सहावीच्या मुलांसाठी आपण दशांश अपूर्णांकांचा सात मिनिटांचा पाठ मोबाइलवर रेकॉर्ड करणार आहोत, असे धरू. दोन मिनिटे झाली की व्हिडिओ आपोआप थांबेल आणि पडद्यावर एक प्रश्न येईल. मूल एक पर्याय निवडेल. पर्याय चुकीचा असेल, तर नुसते ‘चूक’ असे न म्हणता, नेमका तोच पर्याय निवडणाऱ्याला उपयोगी पडतील अशा दोन-तीन ओळी त्याला दिसतील. मग पाठ पुढे सुरू होईल.

हे करायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. H5P नावाचे मोफत, मुक्त स्रोत साधन आहे. मुक्त स्रोत म्हणजे ज्याची मूळ रचना सर्वांना खुली असते आणि जे कोणालाही वापरता येते. त्यात Interactive Video नावाचा एक प्रकार आहे. अनेक शाळा-महाविद्यालये मूडल ही अध्यापन-प्रणाली वापरतात. तिच्यात २०२० सालच्या ३.९ या आवृत्तीपासून H5P आतच बनवता येते. मूडल हाताशी नसेल तर Lumi नावाचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेऊन त्यातही हेच काम करता येते.

बटणे कुठे आहेत ते अर्ध्या तासात कळते. वेळ लागतो तो चुकीचे पर्याय निवडायला, आणि बहुतेक पाठ फसतात तेही तिथेच. म्हणून सॉफ्टवेअरकडे आपण उशिरा जाऊ. आधी कागद-पेन्सिल घेऊ.

पायरी १ : कुठे थांबायचे ते ठरवा

आपला पाठ काय सांगणार आहे, त्याचे तुकडे कागदावर मांडा. आपल्या उदाहरणात तीन तुकडे आहेत. पहिल्यात शंभर चौकटींचा कागद दाखवून दशांश, शतांश, सहस्रांश म्हणजे काय ते सांगायचे. दुसऱ्यात दोन दशांश अपूर्णांकांची तुलना कशी करायची ते. तिसऱ्यात पूर्णांकाचा भाग सारखा असेल आणि मध्ये शून्य आले असेल तर काय, ते. आणि शेवटी छोटी उजळणी.

प्रश्न तुकडा संपतो तिथे ठेवा, वाक्याच्या मध्ये नको. अंतर दोन-तीन मिनिटांचे चालते. पाच-सहा मिनिटांपलीकडे नेऊ नका. हार्वर्डमधल्या कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संख्याशास्त्राच्या २१ मिनिटांच्या व्हिडिओ व्याख्यानाचे त्यांनी चार भाग केले. प्रत्येक भागानंतर ज्यांना छोटी चाचणी दिली, त्यांचे लक्ष कमी भरकटले आणि त्यांनी टिपणेही जास्त घेतली. म्हणजे मधल्या प्रश्नाचा फायदा त्याच्या पुढच्या भागालाही होतो.

आपल्या पाठात तीन प्रश्न पुरे. पहिला २ मिनिटे १० सेकंदांवर, दुसरा साडेचार मिनिटांवर, तिसरा उजळणीनंतर ६ मिनिटे ४० सेकंदांवर. पहिला प्रश्न तुलनेचा नियम सांगण्याच्या आधी येतो, हे लक्षात ठेवा. तो मुद्दाम तिथे आहे. मूल आज कसा विचार करते, ते त्यातून कळावे, आणि पुढचा भाग ते ‘माझे कुठे चुकले’ हे शोधत पाहावे, एवढ्यासाठी.

पायरी २ : आधी चुका गोळा करा

प्रश्न लिहिण्यापूर्वी एक काम करा. या घटकावरच्या जुन्या वह्या किंवा चाचणीचे पेपर काढा आणि मुलांची चुकलेली उत्तरे एका कागदावर उतरवा. तेच उत्तर पाच-सहा जणांनी लिहिलेले दिसले, तर तो निष्काळजीपणा नसतो. त्या मुलांच्या डोक्यात एक नियम आहे आणि ती तो इमानाने पाळत आहेत. फक्त तो नियम चुकीचा आहे.

दशांश अपूर्णांकांच्या तुलनेत असे नियम चांगले अभ्यासले गेले आहेत. लॉरेन रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, इस्रायल आणि फ्रान्समधल्या मुलांवर केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. पुढे मेलबर्न विद्यापीठात केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी याच विषयावर बरेच काम केले. त्यातले दोन नियम आपल्याला इथे पुरेसे आहेत.

पहिला नियम, ‘लांब ती मोठी’. दशांश चिन्हानंतर जास्त अंक म्हणजे मोठी संख्या. पूर्ण संख्यांमध्ये ३७५ ही ६२ पेक्षा मोठी असते, ते ज्ञान मूल तसेच इकडे आणते. आपण बोलताना ०.३७५ ला ‘पॉइंट तीनशे पंच्याहत्तर’ म्हणतो, त्याने या समजुतीला खतपाणीच मिळते.

दुसरा नियम बरोबर उलटा, ‘आखूड ती मोठी’. एक सहस्रांश हा एक दशांशापेक्षा खूप लहान असतो, हे मुलाला कळलेले असते. त्यावरून ते ठरवते, की सहस्रांशापर्यंत गेलेली कोणतीही संख्या दशांशापाशी थांबलेल्या संख्येपेक्षा लहानच असणार. हे मूल वर्गात लक्ष देत होते. त्याने अर्धी गोष्ट बरोबर उचलली आहे. त्याला पहिल्या मुलासारखेच समजावले तर काहीच हाती लागत नाही.

पायरी ३ : प्रश्नातल्या संख्या निवडा

आता प्रश्न लिहू. ‘यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती?’ एवढे वाक्य सगळ्यांना सुचते. पर्यायांत कोणत्या संख्या ठेवायच्या, यावर सगळे अवलंबून आहे.

समजा आपण ०.५, ०.४५ आणि ०.३७५ असे पर्याय दिले. बरोबर उत्तर ०.५. ‘लांब ती मोठी’ मानणारे मूल ०.३७५ निवडेल आणि सापडेल. पण ‘आखूड ती मोठी’ मानणारे मूल ०.५ निवडेल, त्याला हिरवी खूण मिळेल आणि त्याचा चुकीचा नियम आणखी पक्का होईल. उलट ०.१, ०.२५, ०.३७५ असे पर्याय दिले, तर ‘लांब ती मोठी’ मानणाऱ्याला शाबासकी मिळेल.

म्हणून संख्या अशा हव्यात, की चुकीच्या नियमाने बरोबर उत्तरापर्यंत पोहोचताच येऊ नये. आपण ०.४, ०.६२ आणि ०.३७५ घेऊ. बरोबर उत्तर ०.६२. लांबीवर जाणारे मूल ०.३७५ निवडेल. आखूडपणावर जाणारे ०.४ निवडेल. आता प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एकच विचार उभा आहे, त्यामुळे त्या विचाराशी थेट बोलता येईल.

प्रश्न ठीक आहे की नाही, हे पाहायची सोपी पद्धत आहे. प्रत्येक चुकीचा नियम कागदावर लिहा, तो नियम प्रामाणिकपणे पाळून आपलाच प्रश्न सोडवा आणि कोणता पर्याय येतो ते पाहा. दोन नियम एकाच चुकीच्या पर्यायावर येत असतील, तर अभिप्राय नेमका लिहिता येणार नाही. नियम बरोबर पर्यायावर येत असेल, तर संख्या बदला.

दुसरा प्रश्न ४.०८ आणि ४.३ यांतली मोठी संख्या विचारतो. शून्याकडे दुर्लक्ष करून ‘८ हा ३ पेक्षा मोठा’ म्हणणारे मूल ४.०८ निवडते. इथे दोनच पर्याय ठेवा. चार पर्याय हवेतच या सवयीने आपण ‘दोन्ही सारख्या’ किंवा ‘यांपैकी नाही’ अशी भर घालतो. त्यांच्याकडे नेणारा कोणताही खरा विचार मुलांच्या डोक्यात नसेल, तर त्या पर्यायासाठी लिहिण्याजोगे आपल्यापाशीही काही नसते.

या दुसऱ्या प्रश्नात ‘आखूड ती मोठी’ मानणारे मूल बरोबर ठरेल, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. ते चालते, कारण त्याला पहिल्या प्रश्नाने पकडलेले आहे आणि तिसराही पकडणार आहे. प्रत्येक प्रश्नाने प्रत्येक चूक पकडावी असा हट्ट नको. तीनही मिळून पकडली गेली, की झाले.

तिसऱ्या प्रश्नात आपण उलटे विचारू : सर्वांत लहान संख्या कोणती? पर्याय ०.८, ०.२७ आणि ०.४५१. बरोबर उत्तर ०.२७. आता मात्र जरा थांबून पाहा. ‘लांब ती मोठी’ मानणाऱ्याला सर्वांत आखूड संख्या सर्वांत लहान वाटेल, म्हणून तो ०.८ निवडेल. ‘आखूड ती मोठी’ मानणारा ०.४५१ निवडेल. म्हणजे पहिल्या प्रश्नाच्या तुलनेत जागा बदलल्या. पहिल्या प्रश्नाचे अभिप्राय नकलून इथे चिकटवले, तर प्रत्येक मुलाला दुसऱ्याचे औषध मिळेल.

आणखी एक गोष्ट. तीन पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले, तरी सरासरी तिघांतल्या एकाचे बरोबर येते. म्हणून एका प्रश्नावरून ‘समजले’ असे ठरवू नका. पहिला आणि तिसरा असे दोन्ही प्रश्न निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता नवांत एक इतकी उतरते.

पायरी ४ : अभिप्राय लिहा

उत्तर दिल्यावर लगेच मिळणाऱ्या समजावणीला बी.एड.च्या पुस्तकांत प्रत्याभरण म्हणतात आणि शिक्षकांच्या खोलीत फीडबॅक. इथे आपण अभिप्राय म्हणू.

चुकीच्या पर्यायाच्या अभिप्रायात तीन गोष्टी क्रमाने याव्यात. हे उत्तर कोणत्या विचारातून आले असावे, ते. तो विचार कुठे अडतो, ते. आणि आता कुठे पाहायचे, ते. बरोबर उत्तर त्यात सांगायचे नाही.

०.३७५ निवडणाऱ्यासाठी असे लिहिता येईल : ‘३७५ ही संख्या ६२ पेक्षा मोठी, असा विचार केलास का? पण दशांश चिन्हानंतरचे अंक एकत्र करून पूर्ण संख्येसारखे वाचायचे नसतात. प्रत्येक अंकाचे स्थान वेगळे आहे. तिन्ही संख्यांत चिन्हाच्या लगेच पुढचा अंक कोणता आहे, ते बघ.’

०.४ निवडणाऱ्यासाठी : ‘एक दशांश हा एक सहस्रांशापेक्षा मोठा असतो, हे तुझे बरोबर आहे. पण ज्या संख्येत शतांश किंवा सहस्रांश आहेत, तिच्यात दशांशही असतातच. तिन्ही संख्यांत दशांश किती किती आहेत, ते मोजून बघ.’

दोन्ही अभिप्राय मुलाला शेवटी चिन्हापुढच्या पहिल्या अंकाकडेच नेतात. पण एक ‘तू पूर्ण संख्येसारखे वाचलेस’ इथून निघतो, दुसरा ‘तुझे अर्धे बरोबर आहे’ इथून. मुलाला जिथून निघायचे आहे, तिथून बोलायला सुरुवात करणे एवढेच अभिप्रायाचे कसब आहे.

इथे चार चुका नेहमी होतात. पहिली, सगळ्या चुकीच्या पर्यायांना ‘चूक! पुन्हा प्रयत्न कर’ असे एकच वाक्य लावणे. ते तर लाल खुणेनेच सांगितलेले असते. दुसरी, ‘चूक. बरोबर उत्तर ०.६२’ असे लिहिणे. मग मूल पुन्हा प्रयत्न करताना विचार न करता ०.६२ दाबते आणि पुढे जाते. तिसरी, अभिप्रायाचा धडा करणे. मोबाइलच्या पडद्यावर चार ओळींपेक्षा जास्त मजकूर मुले वाचत नाहीत. चौथी, ‘नीट लक्ष दे’ असा उपदेश. ज्याने नियम पाळून चूक केली, त्याने लक्ष दिलेलेच असते.

बरोबर पर्यायालाही एक ओळ लिहा. अंदाजाने बरोबर आलेल्यांना कारण कळावे, यासाठी ती असते : ‘बरोबर. ०.६२ मध्ये सहा दशांश आहेत. बाकी दोघींत चार आणि तीनच.’

पायरी ५ : रेकॉर्ड करताना प्रश्नासाठी जागा सोडा

तुकडा संपला की बोलणे थांबवा आणि फळा किंवा कागद तसाच दाखवत पाच-सहा सेकंद शांत राहा. आपल्या पाठात ही शांतता २:०८ पासून २:१४ पर्यंत असेल. ही जागा नसेल, तर प्रश्न वाक्याचा शेवटचा शब्द कापत उगवतो.

शांततेनंतरचे पहिले वाक्यही विचारपूर्वक ठरवा. ‘तर बरोबर उत्तर होते ०.६२’ असे बोललात, तर बरोबर आलेली मुले कंटाळतात आणि पुन्हा पाहणाऱ्यांना उत्तर आधीच कळते. ‘आता तुलना कशी करायची ते पाहू’ असे म्हणून तिन्ही संख्या ०.४००, ०.६२० आणि ०.३७५ अशा एकाखाली एक मांडा. शेवटी शून्ये जोडून अंकांची संख्या सारखी केली, की दोन्ही चुकीच्या नियमांना आधारच उरत नाही.

उजळणीचा भाग ५:५५ पासून ६:३८ पर्यंत ठेवा. पाऊण मिनिटाच्या या तुकड्यात दोन्ही चुकीचे नियम नाव घेऊन सांगा आणि ते का चालत नाहीत ते दाखवा. हा तुकडा एवढा नेमका का हवा, ते आठव्या पायरीत कळेल.

पायरी ६ : व्हिडिओ H5P मध्ये आणा

H5P मध्ये Interactive Video उघडले की वर तीन टप्पे दिसतात : व्हिडिओ जोडणे, प्रश्न बसवणे आणि शेवटचा सारांश. सारांशाचा तिसरा टप्पा ऐच्छिक आहे. तो रिकामा सोडला तरी काही बिघडत नाही.

व्हिडिओ दोन प्रकारे जोडता येतो. यूट्यूबवर चढवून त्याचा दुवा द्यायचा, किंवा फाइलच चढवायची. यूट्यूबवर व्हिडिओ ‘Unlisted’ ठेवला तर चालतो. म्हणजे दुवा असेल त्यालाच दिसतो, शोधून सापडत नाही. ‘Private’ ठेवला तर मुलांना नुसती काळी चौकट दिसते किंवा त्रुटीचा संदेश येतो. आपल्याला मात्र तो नीट दिसत राहतो, कारण आपण आपल्याच खात्यातून आत गेलेले असतो. म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही.

फाइल चढवायची असेल, तर ती एमपी-फोर प्रकारची आणि H.264 पद्धतीने दाबलेली असावी. काही नवे फोन H.265 पद्धतीने रेकॉर्ड करतात. तशी फाइल आपल्या फोनवर चालते, पण शाळेतल्या जुन्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये फक्त आवाज येतो किंवा काहीच येत नाही. फोनवरची सात मिनिटांची मूळ फाइल काही शे एमबीची असते, तीही लहान करावी लागते. HandBrake या मोफत सॉफ्टवेअरने दोन्ही कामे एकदमच होतात. फळ्यावरचे अक्षर ठसठशीत असेल तर ४८० पिक्सेल उंचीचा व्हिडिओ पुरतो.

पायरी ७ : प्रश्न बसवा

दुसऱ्या टप्प्यात व्हिडिओ २:१० वर आणून थांबवा आणि वरच्या पट्टीतून प्रश्नाचा प्रकार निवडा. Multiple Choice हा प्रकार घ्या. त्याच्याजवळच Single Choice Set नावाचा प्रकार आहे. एकच उत्तर बरोबर, म्हणून नाव पाहून हात तिकडेच जातो. पण त्यात प्रत्येक पर्यायाचा वेगळा अभिप्राय लिहायची सोय नाही. सगळे प्रश्न भरून झाल्यावर हे कळले, तर काम पुन्हा करावे लागते.

प्रश्न आणि पर्याय लिहा, बरोबर पर्यायासमोर ‘Correct’ वर खूण करा. प्रत्येक पर्यायाखाली ‘Tips and feedback’ अशी मिटलेली ओळ असते, ती उघडा. आत तीन चौकटी आहेत. ‘Tip text’ म्हणजे उत्तर देण्यापूर्वीची सूचना. ‘Message displayed if answer is selected’ ही आपली चौकट. हा पर्याय निवडला तरच दिसणारा मजकूर इथे लिहायचा. तिच्याखालीच ‘Message displayed if answer is not selected’ आहे. अभिप्राय चुकून या तिसऱ्या चौकटीत गेला, तर तो पर्याय सोडून बाकी काहीही निवडणाऱ्या सगळ्यांना तो दिसतो. ती रिकामी ठेवा.

मग प्रश्नाची वेळ पाहा. ‘Display time’ मध्ये साधन स्वतःहून दहा सेकंदांचा अवधी भरते, म्हणजे 2:10 ते 2:20. तो 2:10 ते 2:12 करा. शेजारच्या ‘Pause video’ वर खूण करायला विसरू नका. ती नसेल, तर व्हिडिओ चालूच राहतो, प्रश्न दोन सेकंद तरंगतो आणि निघून जातो. ‘मॅडम, प्रश्न आलाच नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

‘Display as’ मध्ये ‘Poster’ निवडा. मग प्रश्न थेट पडद्यावर उघडा दिसतो. ‘Button’ ठेवले तर एक छोटी खूण दिसते आणि ती दाबल्यावर प्रश्न उघडतो. व्हिडिओ का अडकला, हे न कळून मुले पुन्हा चालू करतात आणि प्रश्न राहून जातो.

वर्तनाच्या पर्यायांत ‘Show Solution’ चे बटण बंद करा, नाहीतर अभिप्राय वाचण्याआधीच मूल ते दाबते. ‘Retry’, म्हणजे पुन्हा प्रयत्न, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला चालू ठेवा आणि पहिल्याला बंद. पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढच्या भागात मिळणारच आहे. तिथे मुलाचा पहिला विचार जसाच्या तसा नोंदला जाणे महत्त्वाचे.

तपासा, पुन्हा प्रयत्न करा, उत्तरे पाठवा ही बटणावरची वाक्ये मराठी करता येतात. त्यासाठी पानाच्या तळाशी मजकूर बदलण्याचा विभाग असतो.

पायरी ८ : चुकल्यावर मागे पाठवणे

प्रश्नाच्या चौकटीत ‘Adaptivity’ नावाचा विभाग असतो. उत्तर चुकले तर व्हिडिओ कोणत्या वेळेवर न्यायचा, ते त्यातल्या ‘Seek to’ मध्ये लिहायचे. तिसऱ्या प्रश्नासाठी तिथे 5:55 लिहा, म्हणजे उजळणीची सुरुवात. सोबतच्या संदेशात ‘उजळणी पुन्हा बघ आणि मग उत्तर दे’ एवढे पुरे.

इथे साधनाची एक मर्यादा आहे. अभिप्राय पर्यायागणिक वेगळा देता येतो, पण मागे जाण्याची जागा सगळ्या चुकीच्या उत्तरांना मिळून एकच असते. ०.८ वाला आणि ०.४५१ वाला एकाच ठिकाणी पोहोचतात. म्हणूनच उजळणीच्या त्या पाऊण मिनिटात दोन्ही नियमांबद्दल बोलायचे होते. प्रत्येक पर्यायाला वेगळी वाट हवीच असेल, तर Crossroads नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात दर पर्यायाला वेगळी वेळ देता येते, पण गुण मिळत नाहीत.

मागे नेण्याची वेळ दुसऱ्या एखाद्या प्रश्नाच्या अवधीत पडणार नाही, हे पाहा. २:१० च्या प्रश्नाचा अवधी दहा सेकंद राहिला असता आणि कोणाला २:१४ वर पाठवले असते, तर तो प्रश्न पुन्हा समोर आला असता. तसेच फार मागे पाठवू नका. एका चुकीसाठी चार मिनिटे पुन्हा पाहायला लावले, तर पुढच्या वेळी मूल शेजाऱ्याला उत्तर विचारते.

‘Require full score’ अशीही एक सोय आहे. पूर्ण गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती पहिल्या प्रश्नाला लावू नका. जो नियम अजून शिकवलाच नाही, त्यावर मुलाला अडवून ठेवल्यासारखे होते.

पायरी ९ : स्वतः चुकून पाहा

पाठ तयार झाला की आपण तो तपासतो, पण बरोबर उत्तरे देत. उलटे करा. प्रत्येक चुकीचा पर्याय एकेकदा निवडा आणि योग्य तोच अभिप्राय येतो का, ते वाचा. तिसऱ्या प्रश्नात अदलाबदल झाली आहे का, ते खास पाहा.

ही तपासणी साध्या मोबाइलवर, आपल्या खात्यातून बाहेर पडून करा. अरुंद पडद्यावर प्रश्नाची मांडणी बदलते आणि लांब अभिप्राय वाचायला वर-खाली सरकवावे लागते. तसे होत असेल, तर अक्षर लहान करू नका, वाक्य कापा.

शेवटचा सापळा व्हिडिओ संपताना असतो. वेळेच्या पट्टीच्या टोकाला एक तारा दिसतो. तिथे उत्तरांची यादी आणि ‘Submit Answers’ हे बटण येते. ते दाबल्याशिवाय गुण मूडलपर्यंत पोहोचत नाहीत. मुले सगळे प्रश्न सोडवतात, व्हिडिओ बंद करतात आणि गुणपत्रकात त्यांच्या नावापुढे काहीच दिसत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या शेवटच्या वाक्यातच सांगा : आता ताऱ्यावर जा आणि उत्तरे पाठवा.

पायरी १० : कोणी काय निवडले ते वाचा

मूडलमध्ये प्रत्येक मुलाच्या प्रयत्नांचा अहवाल मिळतो. एकूण गुणांपेक्षा पर्याय पाहा. पहिल्या प्रश्नात ०.३७५ किती जणांनी निवडले, ०.४ किती जणांनी, आणि त्यांतल्या कितींनी तिसऱ्या प्रश्नात तोच नियम पुन्हा वापरला?

समजा चाळीस मुलांच्या वर्गात पहिल्या प्रश्नात चौदा जण ०.३७५ वर आणि सहा जण ०.४ वर गेले. तिसऱ्या प्रश्नात ०.८ वर तिघेच राहिले, पण ०.४५१ वर अजून पाच आहेत. मग ‘लांब ती मोठी’ चा अभिप्राय आणि व्हिडिओ आपले काम करत आहेत, ‘आखूड ती मोठी’ चा करत नाही, असे मानायला जागा आहे. बदल करायचा तो त्या एका अभिप्रायात आणि उजळणीच्या त्या एका वाक्यात. पूर्ण पाठ पुन्हा रेकॉर्ड करायची गरज नाही.

हे आकडे वाचताना एक भान ठेवा. जिथे पुन्हा प्रयत्नाची मुभा आहे, तिथे अहवालात सुधारलेले उत्तर दिसू शकते, पहिली चूक नाही. ज्या प्रश्नाला ती मुभा नाही, त्याच्यावर जास्त विसंबा. तिसऱ्या प्रश्नाचीही पहिली उत्तरे हवी असतील, तर एका वर्गापुरते तिथले ‘Retry’ आणि मागे नेणे दोन्ही बंद ठेवून पाहा.

एखादा चुकीचा पर्याय कोणीच निवडत नसेल, तर तो काढून टाका. तशी चूक आपल्या मुलांत नाही. आणि आपण न योजलेली चूक पुन्हा पुन्हा वह्यांत दिसू लागली, तर तिच्यासाठी नवा पर्याय बनवा. तसे करताना तिसऱ्या पायरीतली परीक्षा पुन्हा घ्या : नवा नियम पाळून प्रश्न सोडवला, तर तो नेमका नव्याच पर्यायावर येतो ना? येत असेल, तर त्याच्या अभिप्रायाची पहिली ओळ आपल्याला त्या मुलाच्या वहीतच मिळेल.